कॉर्नर वाया गेला, तो नेमका कुठे?

१८ जून २०१८. रशियातल्या व्होल्गोग्राड शहरात विश्वचषकाचा इंग्लंड-ट्युनिशिया सामना. इंग्लंडने तो २-१ असा जिंकला. दोन्ही गोल कर्णधार हॅरी केनचे आणि दोन्ही कॉर्नरवरून झालेले. धावफलकावर ते सारखेच दिसतात, पण कॉर्नरचा अभ्यास करणाऱ्याच्या वहीत त्यांच्या नोंदी अगदी वेगळ्या होतात.

या वहीत प्रत्येक कॉर्नरसाठी तीन गोष्टी लिहितात. चेंडू कुठल्या भागात पडला, त्याला सर्वांत आधी कोणी स्पर्श केला आणि त्यातून गोलवर फटका निघाला का. भाग ठरवायला मैदानावरच्या रेषाच कामी येतात. गोलरक्षकासमोरची लहान चौकट गोलरेषेपासून साडेपाच मीटरपर्यंत येते. तिचे जवळचा खांब, मधला भाग आणि दूरचा खांब असे तीन तुकडे करायचे. त्यापुढचा, अकरा मीटरवरच्या पेनल्टी स्पॉटभोवतीचा पट्टा हा चौथा भाग. चेंडू चौकटीत न टाकता जवळच्या सहकाऱ्याला दिला, तर तो आखूड कॉर्नर. त्याची नोंद वेगळी ठेवायची.

आता केनचे गोल पाहू. अकराव्या मिनिटाला ॲशली यंगच्या कॉर्नरवर जॉन स्टोन्स उंच उडाला आणि त्याने हेडर थेट गोलकडे मारला. गोलरक्षक मुएझ हसनने तो अडवला, पण परत आलेला चेंडू केनने जाळ्यात ढकलला. इथे पहिला स्पर्श हाच फटका होता आणि गोल दुसऱ्या फटक्यावर झाला. भरपाई वेळेतल्या गोलची गोष्ट निराळी. किरन ट्रिपियरच्या कॉर्नरवर हॅरी मॅग्वायरने चेंडू डोक्याने पुढे सरकवला आणि दूरच्या खांबाजवळ मोकळा असलेल्या केनने हेडरने गोल केला. मॅग्वायरचा स्पर्श हा फटका नव्हता, पास होता. पण तो स्पर्श ट्युनिशियाच्या बचावपटूला मिळाला असता, तर केन मोकळा राहूनही उपयोग नव्हता.

म्हणून मधला रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. चेंडू मारणाऱ्याचे काम कुठे संपते आणि चौकटीत धावणाऱ्यांचे कुठे सुरू होते, ते तिथे दिसते. समजा, एका संघाचे चेंडू दूरच्या खांबाजवळ नेमके पडतात, पण पहिला स्पर्श वारंवार बचावपटूच करतात. तिथे किक बदलून काही साधणार नाही. धावा कधी सुरू करायच्या आणि प्रतिस्पर्ध्याची वाट कोणी रोखायची, याचा सराव हवा. उलट पहिला स्पर्श आपलाच होतो पण फटका निघत नाही, असे असेल तर चेंडू बहुधा फार लांब पडतो आहे किंवा हेडर मारणाऱ्याला गोलकडे वळायला जागा मिळत नाही.

मग थेट गोलच का मोजू नयेत? कारण ते फार थोडे असतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ढोबळमानाने तीस-चाळीस कॉर्नरमागे एक गोल होतो आणि एका संघाला सामन्यात साधारण पाचच कॉर्नर मिळतात. एवढ्या तुटपुंज्या गोलांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध जादा वेळेत ट्रिपियरच्या कॉर्नरवर स्टोन्सने हेडर गोलकडे मारला आणि सिमे व्रसाल्कोने तो गोलरेषेवरून परतवला. गोलच्या यादीत या कॉर्नरला जागा नाही. वहीत मात्र तो उत्तम कॉर्नर आहे, आणि तसाच धरला पाहिजे.

सर्वांत मोठी फसगत पहिल्या रकान्यात होते. आपण चेंडू पडला ती जागा लिहितो, पण तो तिथेच टाकायचा होता का? दूरच्या खांबासाठी मारलेला चेंडू कमी उंचीचा गेला, तर जवळच्या खांबापाशी उभा असलेला पहिलाच बचावपटू तो बाहेर मारतो. अशा फसलेल्या किका जवळच्या खांबाच्या खात्यात जमा होतात आणि तो भाग उगीच निकामी ठरतो. खेळाडू कुठे धावले ते पाहिले की ही चूक ओळखता येते. तीन जण दूरच्या खांबाकडे धावले आणि चेंडू जवळच्या खांबापाशी अडला, तर समोर ‘फसलेली किक’ असे लिहावे.

बचावपटूने पहिला स्पर्श केला म्हणून नोंद तिथेच थांबवू नये. अर्धवट बाहेर काढलेला चेंडू चौकटीच्या कडेवर उभ्या असलेल्या आक्रमकाकडे येतो आणि तिथूनही फटका निघतो. अशा फटक्यासाठी काही सेकंदांची मर्यादा ठरवावी आणि सगळ्या कॉर्नरना तीच लावावी.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गोव्यात फातोर्ड्याला सामना पाहायला जाल, तेव्हा एक छोटी वही जरूर न्या. कॉर्नरची किक बसली की चेंडू मारणाऱ्यावरून नजर काढा आणि चौकटीत पहिला कोण पोहोचतो, ते आधी लिहा.