तक्रारवहीतून गळती कशी सापडते?

वसईच्या होळी भागात समजा एकाच गल्लीतून ‘पाण्याला वास येतो’ अशा तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या. वहीत नुसते ‘गढूळ पाणी’ लिहिले, तर कारण कधीच कळणार नाही. वास टाकीच्या नळाला येतो की थेट जोडणीच्या, आणि पाणी आल्यावर किती वेळ टिकतो, हेही लिहायला हवे.

फक्त टाकीच्या नळाला वास असेल, तर आधी टाकी तपासावी. पण थेट नळाला सुरुवातीची काही मिनिटे वास येऊन मग पाणी स्वच्छ होत असेल, तर संशय गटारातून गेलेल्या जोडणीवर जातो. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि सैल जोडातून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. पाणी सोडून नळ धुतला की तक्रार ‘निकाली’ निघते, पण पुढच्या पाळीला तीच परत येते. असा निकाल वहीत वेगळा नोंदवावा.

मग पाणी येताच गल्लीच्या तोंडाशी आणि तक्रारदाराच्या घरी क्लोरीन मोजावे. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. तोंडाशी आहे आणि घरी शून्य, तर दोष बहुधा मधल्या तुकड्यात आहे. तिथेच खोदावे. मात्र सगळेच तक्रार करत नाहीत, म्हणून शेजारच्या घरांतही विचारावे. दुरुस्तीनंतर पुढच्या काही पाळ्यांचे पाणी तपासल्याशिवाय नोंद बंद करू नये.