कुरकुरीत टोफू

टोफू कुरकुरीत होतो की नाही, हे गॅस पेटवण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. घट्ट टोफूतही वजनाने बहुतांश पाणीच असते. कडेला पाणी असेपर्यंत तिथले तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही. सोनेरी रंग आणि खमंगपणा मात्र साधारण 140 अंशांनंतरच येऊ लागतो. म्हणून ओला टोफू तव्यावर टाकला की भाजण्याऐवजी नुसता वाफवत राहतो.

200 ग्रॅमची वडी आडवी कापून दोन जाड चकत्या कराव्यात. त्या सुती फडक्यात गुंडाळून दोन ताटांमध्ये ठेवाव्यात आणि वर लिटरभर पाणी भरलेले पातेले ठेवावे. एवढे वजन पुरते. त्याहून जास्त झाले तर टोफूच्या कडा चिरतात. वीस-पंचवीस मिनिटांत फडके ओलेचिंब होते. सिल्कन टोफूच्या वाटेला मात्र जाऊ नये. तो वजनाखाली फुटतो. दाबलेल्या टोफूचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करून पुन्हा टिपावेत. मीठ आणि मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर तळायच्या अगदी आधी चोळावे. मीठ लावून ठेवले तर पाणी सुटते आणि पिठाचा चिखल होतो.

तवा जाड बुडाचा घ्यावा आणि मध्यम आचेवर दोन मिनिटे तापवून दीड-दोन मोठे चमचे तेल घालावे. पहिला तुकडा टाकताच चर्र आवाज यायला हवा. आवाज मंद असेल तर तवा थंड आहे किंवा गर्दी झाली आहे; तेल धुरावले तर आच जास्त आहे. त्यानंतर तीन-चार मिनिटे तुकड्यांना हात लावू नये. हाच टप्पा बहुतेकांकडून बिघडतो. साल धरली नसताना कालथा घातला की टोफू तव्याला चिकटून फाटतो. साल धरली की तुकडा बहुधा आपण होऊन सुटतो. मग बाजू बदलावी. सगळ्या बाजू होईपर्यंत दहा-बारा मिनिटे जातात.

एअर फ्रायरमध्ये याच तुकड्यांना दोन चमचे तेल पुरते. 200 अंशांवर तीन मिनिटे यंत्र तापवून तुकडे एका थरात, मध्ये जागा सोडून ठेवावेत. बारा ते पंधरा मिनिटे लागतात. सात मिनिटांनी टोपली हलवावी. गरम हवा सर्व बाजूंनी फिरत असल्याने तुकडे एकसारखे कोरडे होतात, पण तव्यावरचा गडद तपकिरी रंग सहसा येत नाही. कोरडे पीठ पांढरे दिसत राहिले तर तेल कमी पडले आहे असे समजावे.

सोया सॉस, मध किंवा गूळ असलेला मसाला शेवटच्या मिनिटाला किंवा गॅस बंद केल्यावर घालावा; साखर टोफूच्या आधी करपते. तयार तुकडे जाळीवर काढावेत. झाकलेल्या डब्यात आतली वाफ सालीत मुरते आणि थोड्याच वेळात टोफू पुन्हा मऊ पडतो.