धोंडू

माझ्याआधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली. मी जन्मलो तेव्हा आजीने बारशाआधीच ठरवलं, याचं नाव धोंडू. देवाने किंवा काळाने पोराकडे पाहिलं, तरी दगड समजून पुढे जावं, हा त्यामागचा हिशेब. दगडू, केरू, कचरू ही नावं त्याच भीतीतून आली. भिकू म्हणजे भीक मागून मिळवलेला. नाक टोचून नथ घातलेला मुलगा नथू. मुलं जगत नसत, त्या काळात आईबापांच्या हाती एवढाच उपाय होता.

प्रत्येक धोंडूमागे मात्र मृत्यूच असतो असं नाही. अधिक मासाला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जन्मलेल्यालाही हे नाव मिळे. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो; लोकांनी मात्र त्यांना अण्णा म्हटलं.

शाळेत मी धोंड्या झालो. हजेरीच्या वेळी मागच्या बाकावर हशा पिकायचा आणि घरी येऊन मी नाव बदला म्हणून रडायचो. आई काही बोलायची नाही. ती मला कधी धोंडू म्हणायचीच नाही, 'बाळ' म्हणायची. मोठेपणी गावात धोंडबा झालो, धाकट्या भावंडांचा दादा झालो. आई शेवटच्या आजारात मात्र एकदा स्पष्ट 'धोंडू' म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरून राहिली.