कयाक परत कधी फिरवायची?

दुपारचे तीन वाजले आहेत आणि सहाला अंधार पडायच्या आत परत काठाला लागायचं आहे. हातात तीन तास. मग दीड तास प्रवाहाबरोबर जायचं आणि दीड तासात परत यायचं, असा हिशेब बहुतेक जण करतात. नदीला धार असेल तर हाच हिशेब अंधारात पाण्यावर अडकवतो.

आकडे मांडून पाहू. संथ पाण्यात सहज वल्हवत तुम्ही ताशी ५ किलोमीटर जाता आणि नदी ताशी २ किलोमीटरने वाहते, असं धरा. खाली जाताना दोन्ही वेग एकत्र येतात आणि काठाच्या हिशेबाने तुम्ही ताशी ७ किलोमीटरने पुढे जाता. दीड तासात साडेदहा किलोमीटर गाठलेले असतात. परतताना मात्र पाचातून दोन वजा होतात. ताशी ३ किलोमीटरने तेच अंतर कापायला साडेतीन तास लागतात. म्हणजे सहाऐवजी तुम्ही रात्री आठला पोहोचता.

जाताना प्रवाहाने जेवढं दिलं तेवढंच येताना घेतलं, मग फिटंफाट का होत नाही? कारण प्रवाह मदत थोडा वेळ करतो आणि अडवतो जास्त वेळ. सहा किलोमीटर खाली जायला सुमारे ५१ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात नदी तुम्हाला जेमतेम पावणेदोन किलोमीटर पुढे नेते. परतीला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत ती तुम्हाला चार किलोमीटर मागे ढकलते. एकूण वेळ होतो २ तास ५१ मिनिटं. संथ पाण्यात हेच बारा किलोमीटर २ तास २४ मिनिटांत झाले असते.

धार वाढली की हा फरक झपाट्याने वाढतो. ताशी ३ किलोमीटरच्या प्रवाहात याच सहलीला पावणेचार तास लागतात आणि ताशी ४ च्या प्रवाहात ६ तास ४० मिनिटं. प्रवाह पाचवर गेला की परतीची वाट बंदच; कितीही वल्हवलं तरी समोरचं झाड जवळ येत नाही.

म्हणून ठरवायची असते ती परत फिरायची वेळ. नियम सोपा आहे. तुमच्या वेगातून प्रवाहाचा वेग वजा करा आणि उरलेल्याला तुमच्या वेगाच्या दुपटीने भागा. आपल्या उदाहरणात पाच वजा दोन म्हणजे तीन, भागिले दहा. हातातल्या वेळेचा ३० टक्के भाग जाण्यासाठी, बाकीचा येण्यासाठी. तीन तासांपैकी ५४ मिनिटं, म्हणजे ३ वाजून ५४ मिनिटांनी कयाक फिरवायची. तोवर ६.३ किलोमीटर झालेले असतात आणि परतीला २ तास ६ मिनिटं पुरतात.

दोन्ही वेग काठावरच काढता येतात. काठाने ५० मीटर मोजा, वरच्या टोकाला मुख्य धारेत काटकी सोडा आणि घड्याळ लावा. तिला ९० सेकंद लागले तर प्रवाह ताशी २ किलोमीटर आहे. मग थोडं अंतर प्रवाहाबरोबर आणि तेवढंच उलट वल्हवून दोन्ही वेग काढा. त्यांची सरासरी म्हणजे तुमचा स्वतःचा वेग. सरासरी वेगांची घ्यायची, लागलेल्या वेळांची नाही.

आता दमणूक. परतताना तुमचा वेग पाचावरून साडेचारवर आला, तर घट दहाच टक्क्यांची. पण काठाच्या हिशेबाने तुम्ही तीनऐवजी अडीचने जाता आणि सहा किलोमीटरला दोन तासांऐवजी २ तास २४ मिनिटं लागतात. त्यामुळे नियमाने आलेल्या वेळेच्या आधीच फिरावं. आपल्या उदाहरणात चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फिरलात, तर थकवा आणि समोरचा वारा यांच्यासाठी वेळ हाताशी राहतो. परतताना धारेच्या मध्यावर राहू नये. काठालगत आणि वळणाच्या आतल्या बाजूला पाणी सहसा संथ असतं.

हा सगळा हिशेब प्रवाह बदलणार नाही या गृहीतावर उभा आहे. वर धरण असेल तर पाणी कधी सोडणार याची चौकशी आधी करायला हवी. कोकण-गोव्यात समुद्राजवळच्या नद्यांना आणि खाड्यांना भरती-ओहोटी असते. तिथे सुमारे सव्वासहा तासांनी पाणी फिरतं. ओहोटीबरोबर खाली जाऊन भरतीबरोबर परत आलात, तर दोन्ही वेळा पाणी तुमच्याच बाजूने असतं.

नदी मात्र एकाच दिशेने वाहणारी असेल आणि खालून गाडीने परतायची सोय नसेल, तर आधी प्रवाहाविरुद्ध वर जावं. ताज्या दमात अवघड भाग उरकतो आणि अंदाज चुकला तरी कयाक वळवताच तीच धार तुम्हाला सुरुवातीच्या घाटाकडे आणते. वेळेची विभागणीही उलटते: तीन तासांतले २ तास ६ मिनिटं वर जायला, ५४ मिनिटं परतायला.