संध्याकाळच्या पाळीतून सुटण्याचा अर्ज

मी मुंबईतल्या एका रात्र महाविद्यालयात शिकवते. आमचे वर्ग सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ भरतात. दर वर्षी जून महिन्यात तीन-चार मुलं तरी तास संपल्यावर मागे रेंगाळतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, ड्यूटी बदलून मागायची आहे. अर्ज कसा लिहू?’’ कोणी औषधांच्या दुकानात असतो, कोणी कुरिअरच्या गोदामात, कोणी मॉलमध्ये. अर्ज एका पानाचाच असतो, पण वर्ष पदरात पडणार की वाया जाणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. म्हणून गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा अर्ज आम्ही दोघींनी कसा बसवला, ते इथे सविस्तर सांगते.

ती बारावी कॉमर्सला होती. एका सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम, बिलिंग काउंटरवर, दुपारी 4 ते रात्री 9. आठवड्याचे सहा दिवस आणि मंगळवारी सुट्टी. म्हणजे 30 तास. तिने स्वतः लिहून आणलेला अर्ज असा होता:

‘मी गरीब कुटुंबातील असून मला शिक्षणाची आवड आहे. संध्याकाळी कॉलेज असल्यामुळे माझी शिफ्ट बदलून मिळावी. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

यात खोटं काही नव्हतं. शाळेत अर्जलेखन शिकताना आपण सगळ्यांनी हेच शेवटचं वाक्य गिरवलं आहे. पण मॅनेजरच्या जागी बसून वाचलं तर अडचण लगेच कळते. कोणते दिवस, कधीपासून, कधीपर्यंत, हे कुठेच नाही. आणि सहा ते नऊ या गर्दीच्या वेळी काउंटरवर कोण बसणार, याचं उत्तरही नाही. मॅनेजरला सहानुभूती असली तरी तिचं करायचं काय, हे त्यानेच शोधायचं. महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक आखताना एक चौकट रिकामी पडली, तर तिचा जाब वरून त्यालाच विचारला जातो.

इथे कायद्याचा आधार किती, हेही मुलांना आधीच सांगावं लागतं. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे, साप्ताहिक सुट्टी आहे. पण शिक्षणासाठी पाळी बदलून मिळण्याचा हक्क त्यात नाही. ही विनंती आहे, आणि मॅनेजरला सोयीची वाटली तरच ती मान्य होते. महाराष्ट्रात शिक्षणसंस्थांनी आपल्या बाजूने वेळ वाकवल्याची उदाहरणं जुनी आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना तास आटपून कामावर जाता यावं. कामाच्या जागेची वेळ वाकवायची असेल, तर मात्र विद्यार्थ्यालाच लेखणी हातात घ्यावी लागते.

मी तिला आधी अर्ज बाजूला ठेवायला सांगितलं आणि दुकानातल्या ड्यूटी चार्टचा फोटो आणायला लावला. तो समोर ठेवून आम्ही दोन हिशेब केले.

पहिला हिशेब हजेरीचा. राज्य मंडळाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. मंगळवारी तिला सुट्टी, म्हणजे आहे त्या पाळीत ती पाचपैकी एकच संध्याकाळ वर्गात येऊ शकत होती. वीस टक्के. तोंडी विचारल्यावर मॅनेजर चांगुलपणाने म्हणाले होते, ‘‘आठवड्यातून दोन दिवस लवकर जा.’’ ती खूशही झाली होती. पण मंगळवार धरून तीन दिवस होतात, म्हणजे साठ टक्के. मॅनेजरांनी मदत केली असती, तिने पगार कापून घेतला असता, आणि तरीही फेब्रुवारीत हजेरी कमी भरली असती. अर्धवट सवलतीत हाच धोका असतो. ती घेताना बरी वाटते, तोटा वर्षाच्या शेवटी कळतो. म्हणून किती संध्याकाळी मोकळ्या हव्यात हा आकडा आधी काढायचा आणि तेवढ्याच मागायच्या. चार मिळाल्या तर ऐंशी टक्के होतात, पण मग ताप आला, लोकल बंद पडली तर हाताशी फारसं काही उरत नाही. तिला पाचही हव्या होत्या.

दुसरा हिशेब रिकाम्या चौकटींचा. सकाळी 8 ते 1 च्या पाळीत तिचा एक सहकारी होता. त्याला सकाळी टॅलीचा क्लास लावायचा होता, त्यामुळे तो अदलाबदलीला एका पायावर तयार. पण चार्ट नीट पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. त्याची सुट्टी गुरुवारी होती, हिची मंगळवारी. नुसती पाळी बदलली असती तर गुरुवारी संध्याकाळी काउंटर रिकामा राहिला असता आणि मंगळवारी सकाळी रॅक भरायला माणूस नसता. मॅनेजरने नेमकं तिथेच बोट ठेवलं असतं.

उपाय सोपा निघाला. दोघांनी सुट्टीही बदलून घ्यायची. ती सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी येईल, शनिवार-रविवार पहिल्यासारखीच संध्याकाळी, आणि गुरुवारी सुट्टी घेईल. तो सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळी, शनिवार-रविवार सकाळी, आणि त्याची सुट्टी मंगळवारी. दोघांच्या सहा-सहा पाळ्या, तीस-तीस तास, आणि चार्टमधली एकही चौकट मोकळी नाही. शुक्रवारी रात्री नऊला सुटून शनिवारी सकाळी आठला यावं लागलं, तरी मध्ये अकरा तास मिळतात. शिवाय सर्वांत जास्त गर्दीच्या शनिवार-रविवारच्या संध्याकाळी बिलिंगला सरावलेली मुलगीच काउंटरवर राहते. मॅनेजरला हे कळायला वेळ लागत नाही.

मग नवा अर्ज लिहिला. तो असा:

दिनांक : 15 जून

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब

विषय : 1 जुलैपासून कामाची पाळी बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्याकडे दोन वर्षांपासून बिलिंग काउंटरवर अर्धवेळ काम करते. सध्या माझी पाळी दुपारी 4 ते रात्री 9 असून मंगळवारी सुट्टी असते. मी यंदा बारावीला आहे. माझे वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी 6.30 ते 9.30 या वेळेत असतात. परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी आवश्यक आहे.

त्यामुळे 1 जुलै ते 31 जानेवारी या काळात मला सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार सकाळी 8 ते 1 आणि शनिवार, रविवार दुपारी 4 ते 9 अशी पाळी मिळावी. सुट्टी मंगळवारऐवजी गुरुवारी घेईन. माझे आठवड्याचे 30 तास तेवढेच राहतील.

माझ्या संध्याकाळच्या चार पाळ्या करण्यास सकाळच्या पाळीतील माझे सहकारी तयार आहेत. त्यांची संमतीची सही खाली आहे. दोघांचे नवे वेळापत्रक सोबत जोडले आहे. त्यानुसार कोणतीही पाळी रिकामी राहत नाही. त्यांनी गेल्या दिवाळीत बिलिंग केले आहे. तरी 30 जूनपर्यंत मी रोज अर्धा तास त्यांच्यासोबत काउंटरवर थांबून कॅश टॅली आणि माल परत घेण्याची पद्धत दाखवीन.

दिवाळीच्या सुट्टीत माझे वर्ग बंद असतात. त्या दिवसांत गरज असेल तेव्हा मी संध्याकाळी येईन. जुलै महिना आपण ही व्यवस्था करून पाहावी. अडचण आल्यास दुपारी 12.30 ते 5.30 ही वेळही मला चालेल.

पुढील महिन्याचा चार्ट 25 तारखेला लागतो. त्याआधी आपला निर्णय कळावा, ही विनंती. सोबत बोनाफाइड प्रमाणपत्र आणि कॉलेजचे वेळापत्रक जोडले आहे.

आपली विश्वासू,
(सही)

या अर्जात गरिबीचा उल्लेख राहिला नाही. तिची परिस्थिती लपवायची होती असं नाही. पण पाळी बदलायची की नाही हे ठरवताना मॅनेजरला तिचा उपयोग नव्हता. उलट पर्यायी वेळ लिहिताना आम्ही बराच विचार केला. साडेपाचला पाळी संपली की कॅश मोजून ताबा द्यायला पंधरा मिनिटं जातात, म्हणजे पावणेसहाला ती बाहेर पडते आणि साडेसहाला वर्गात पोचते. तिने आधी ‘सहा वाजेपर्यंत चालेल’ असं लिहिलं होतं. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला की तो सापडेपर्यंत काउंटर सोडता येत नाही, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं, पण लिहिताना सुचलं नव्हतं. अर्जात लिहिलेली वेळ प्रत्यक्ष पाळता येणारी हवी, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात शब्द मोडतो.

सहकाऱ्याच्या सहीचंही तसंच. ‘तो हो म्हणाला आहे’ एवढ्यावर अर्ज देऊ नये. ऐन वेळी त्याने माघार घेतली तर मॅनेजर दोघांवरही चिडतो आणि अर्ज देणाऱ्याचं नाव खराब होतं. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. मॅनेजर मध्येच बदलून जातात, आणि नव्या माणसाला तोंडी ठरलेलं काही माहीत नसतं. परीक्षेच्या काळातली रजा या अर्जात घुसडू नये. तिचा अर्ज मंडळाचं वेळापत्रक लागल्यावर वेगळा द्यावा. एका कागदावर दोन मागण्या असल्या की जी जड असते तिच्यापायी दुसरीही अडकते.

असा अर्ज सगळीकडे चालतो असं मात्र नाही. छोट्या दुकानात संध्याकाळी एकच माणूस असेल, तर बदली माणूस मिळणं कठीण. काही ठिकाणी पाळ्या दर आठवड्याला फिरतात, तिथे सात महिन्यांची कायम वेळ मागणं म्हणजे बाकीच्यांवर रात्रीची ड्यूटी ढकलणं होतं, आणि ते खपत नाही. अशा वेळी मी मुलांना खरं तेच सांगते. प्रवेश घेतानाच दुसरं काम बघा, आणि नव्या ठिकाणी रुजू होण्याआधी वर्गाची वेळ सांगून टाका. रुजू झाल्यावर महिन्याभराने सांगितलं तर मालकाला फसवल्यासारखं वाटतं.

तिच्या पोचेच्या प्रतीवर 22 जूनला मॅनेजरांनी पेनाने एकच ओळ लिहिली, ‘एक महिना बघू.’ ऑगस्टच्या चार्टमध्ये तीच वेळ छापून आली, आणि जानेवारीपर्यंत तशीच राहिली.

रात्रशाळेत जाणारं कोणी तुमच्या हाताखाली काम करत असेल, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्हीच त्याला वर्गाची वेळ विचारा. आणि तुम्हीच अर्ज लिहिणार असाल, तर कागद घेण्याआधी ड्यूटी चार्टसमोर उभे राहा आणि आपल्या नावाची चौकट रिकामी झाल्यावर तिथे कोणाचं नाव येणार, ते आधी लिहून काढा.