निकालपूर्व जप्ती

निकालपूर्व जप्ती म्हणजे पैशाच्या वसुलीचा दावा प्रलंबित असताना, निकाल लागण्याच्या आधीच, प्रतिवादीची मालमत्ता न्यायालयाच्या आदेशाने अटकावून ठेवणे. भारतात तिची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३८, नियम ५ ते १३ मध्ये आहे. याच आदेशाचे नियम १ ते ४ निकालपूर्व अटकेसंबंधी असून तो वेगळा उपाय आहे. या जप्तीमुळे वादीला पैसे मिळत नाहीत किंवा मालमत्तेची मालकीही बदलत नाही. पुढे हुकूमनामा झाला तर त्याच्या वसुलीसाठी काहीतरी शिल्लक असावे, एवढाच तिचा हेतू असतो.

या लेखात यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातील परिस्थितीवर बेतलेले एक काल्पनिक उदाहरण घेतले आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा येथे आहे. कापूस हे या भागातील प्रमुख नगदी पीक आहे. नागपूर–हैदराबाद महामार्ग तालुक्यातून जातो आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. त्यामुळे माल न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेला जाण्याचा प्रश्न येथे प्रत्यक्षात उद्भवू शकतो.

पार्श्वभूमी

सर्वसाधारण नियमानुसार हुकूमनामा आधी आणि जप्ती नंतर होते. वादी जिंकल्यावर दरखास्त दाखल करतो आणि संहितेच्या आदेश २१ प्रमाणे मालमत्ता जप्त होऊन तिचा लिलाव होतो. दावा चालू असेपर्यंत प्रतिवादी आपल्या मालमत्तेचा पूर्ण मालक असतो आणि ती विकण्यास मोकळा असतो. केवळ दावा दाखल झाला म्हणून हे स्वातंत्र्य जात नाही, कारण दावा खोटाही ठरू शकतो.

मात्र दाव्याला वर्षे लागतात. तेवढ्या काळात प्रतिवादीने सर्व काही विकून टाकले, तर वादीच्या हाती केवळ हुकूमनाम्याचा कागद राहतो. या दोन बाजूंचा तोल साधण्यासाठी संहितेने निकालपूर्व जप्तीचा अपवाद ठेवला आहे आणि त्याला कडक अटी घातल्या आहेत.

अटी

नियम ५ प्रमाणे न्यायालयाची दोन गोष्टींबाबत खात्री पटावी लागते. पहिली, प्रतिवादी आपली सर्व किंवा काही मालमत्ता विकून टाकण्याच्या अथवा न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर नेण्याच्या बेतात आहे. दुसरी, तो हे संभाव्य हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अडथळा किंवा विलंब आणण्याच्या हेतूने करीत आहे. हेतू सिद्ध झाल्याशिवाय नुसती विक्री पुरेशी ठरत नाही. व्यापारी माल विकणारच, कारण तोच त्याचा धंदा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने रमण टेक अँड प्रोसेस इंजिनिअरिंग कंपनी विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००७ च्या निर्णयात ही भूमिका स्पष्ट केली. या निर्णयानुसार निकालपूर्व जप्ती हा असाधारण आणि कठोर अधिकार असून तो क्वचितच वापरला पाहिजे. दावा सकृद्दर्शनी सबळ आहे हे वादीने आधी दाखवावे लागते. त्यानंतर प्रतिवादीच्या वर्तनाचा विचार होतो. विनातारण कर्जाला तारणाचे रूप देण्यासाठी किंवा प्रतिवादीवर दबाव आणून तडजोड घडवण्यासाठी ही तरतूद वापरता येत नाही.

उदाहरण

एका शेतकऱ्याने खेडा खरेदीत एका व्यापाऱ्याला ४० क्विंटल कापूस ७,००० रुपये क्विंटल दराने विकला. किंमत २,८०,००० रुपये झाली. व्यापाऱ्याने ५०,००० रुपये रोख देऊन उरलेल्या रकमेची चिठ्ठी लिहून दिली. अनेक महिने पैसे न मिळाल्याने शेतकऱ्याने २,३०,००० रुपयांचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल केला. (वाद वाणिज्यिक स्वरूपाचा आणि रक्कम ३ लाख रुपये किंवा अधिक असती, तर वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागू झाला असता. त्या कायद्यानुसार तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक असते.)

दाव्यासोबत शेतकरी निकालपूर्व जप्तीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देतो. अर्जाचे भवितव्य बहुतेक वेळा या प्रतिज्ञापत्रावर ठरते. ‘प्रतिवादी मालमत्तेची विल्हेवाट लावील अशी वादीस भीती आहे’ एवढेच लिहिले असेल तर अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक, कारण त्यात कायद्याचे शब्द असतात पण घटना नसते. याउलट, व्यापाऱ्याने भाड्याचे गोदाम महिनाअखेर सोडण्याची सूचना घरमालकाला दिली आहे, दोन दिवसांत दोन ट्रक माल भरून आदिलाबादकडे गेले आहेत, गावातील भूखंड तो मिळेल त्या भावात विकायला काढत आहे आणि आणखी काही शेतकऱ्यांचे पैसेही थकले आहेत, असा तपशील दिवस, ठिकाण आणि माहितीच्या स्रोतासह दिला असेल, तर त्यावरून हेतूचे अनुमान काढता येते. ट्रक पाहणाऱ्या हमालाचे किंवा घरमालकाचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र जोडल्यास अर्ज आणखी बळकट होतो.

नियम ५(२) प्रमाणे कोणती मालमत्ता जप्त करायची आणि तिची अंदाजे किंमत किती, हे वादीने सांगावे लागते. येथे शेतकरी गोदामातील उरलेला सुमारे ३० क्विंटल कापूस, म्हणजे अंदाजे २,१०,००० रुपयांचा माल, आणि गावातील भूखंड असे दोन्ही नमूद करतो.

आदेश आणि अंमलबजावणी

न्यायालयाची खात्री पटल्यास ते लगेच अंतिम जप्ती करीत नाही. प्रथम प्रतिवादीला ठरावीक मुदतीत तारण देण्यास, किंवा तारण का देऊ नये याचे कारण दाखविण्यास फर्मावले जाते. नियम ५(३) प्रमाणे याच आदेशात सशर्त जप्तीही करता येते, म्हणजे नोटीस बजावली जाईपर्यंत माल नाहीसा होत नाही. तारण देण्याची किंवा कारण दाखविण्याची ही संधी न देता केलेली जप्ती नियम ५(४) प्रमाणे शून्य ठरते. हे पोटकलम १९७६ च्या दुरुस्तीने जोडले गेले.

उदाहरणातील व्यापाऱ्यापुढे तीन मार्ग असतात. तो जामीनदार किंवा अन्य तारण देऊन माल मोकळा करून घेऊ शकतो. तो हजर होऊन, ट्रक नेहमीच्या विक्रीचे होते आणि धंदा चालू आहे, असे हिशेबाच्या वह्यांवरून दाखवू शकतो. अथवा तो काहीच करीत नाही, तेव्हा नियम ६ प्रमाणे जप्ती कायम होते. नियम ६ खालील आदेशावर अपील करता येते.

जप्तीची पद्धत आदेश २१ मधील जप्तीसारखीच असते. जंगम मालासाठी बेलिफ प्रत्यक्ष गोदामात जाऊन पंचांसमक्ष मालाची नोंद करतो आणि माल ताब्यात घेतो. स्थावर मालमत्तेचा ताबा घेतला जात नाही. ती हस्तांतरित करण्यास मनाई करणारा आदेश दिला जातो, त्याची दवंडी किंवा प्रचलित रीतीने जाहीर घोषणा होते आणि प्रती मालमत्तेवर व न्यायालयात लावल्या जातात. यानंतर प्रतिवादीने केलेली खासगी विक्री कलम ६४ प्रमाणे जप्तीखालील हक्कांपुरती शून्य असते.

माल पैनगंगेपलीकडील गोदामात आधीच पोहोचला असेल, तर कलम १३६ उपयोगी पडते. त्याखाली न्यायालय जप्तीचा आदेश देऊन त्याची प्रत आणि खर्चाची रक्कम तेथील जिल्हा न्यायालयाकडे पाठवू शकते आणि अंमलबजावणी तेथून होते. यात जाणारा वेळ पाहता, अर्ज माल हलण्यापूर्वी करणे अधिक परिणामकारक असते.

शेतमालाचे संरक्षण

नियम १२ प्रमाणे शेतकऱ्याच्या ताब्यातील शेतमालाची निकालपूर्व जप्ती करता येत नाही. वादी तसा अर्ज करू शकत नाही आणि न्यायालयालाही तसा अधिकार नाही. त्यामुळे उदाहरण उलटे केले, म्हणजे सावकाराने किंवा कृषी सेवा केंद्राने उधारीसाठी शेतकऱ्यावर दावा केला, तर शेतकऱ्याच्या घरात भरलेला कापूस निकालापूर्वी जप्त होऊ शकत नाही. तोच कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात गेल्यावर त्याला हे संरक्षण उरत नाही. माल एकच असला तरी तो कोणाच्या ताब्यात आहे यावर उत्तर बदलते. हे संरक्षण हुकूमनाम्यानंतरच्या सवलतींपेक्षा व्यापक आहे. तेव्हा अवजारे, जनावरे, बियाणे यांसारख्या वस्तू आणि शेतमालाचा काही भागच वगळला जातो.

मर्यादा

जप्तीमुळे वादीला मालमत्तेवर अग्रहक्क मिळत नाही. नियम १० प्रमाणे त्रयस्थांचे जप्तीपूर्वीचे हक्क अबाधित राहतात. भूखंड बँकेकडे आधीच गहाण असेल तर बँकेचा हक्क आधी येतो. तसेच दुसऱ्या एखाद्या हुकूमनामाधारकाला त्याच मालमत्तेच्या विक्रीसाठी अर्ज करण्यास ही जप्ती आड येत नाही. हमदा अम्मल विरुद्ध अवदियप्पा पाथर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जप्तीपूर्वी लिहून दिलेले विक्रीखत जप्तीनंतर नोंदले गेले तरी ते जप्तीवर वरचढ ठरते, असा निर्णय दिला.

जप्त कापसापैकी काही पोती दुसऱ्या शेतकऱ्याने केवळ साठवणुकीसाठी ठेवली असतील, तर तो नियम ८ खाली हरकत घेऊ शकतो आणि न्यायालय त्याच्या हक्काचा निवाडा करते.

जप्तीचा शेवट आणि परिणाम

प्रतिवादीने खर्चासह पुरेसे तारण दिल्यास किंवा दावा फेटाळला गेल्यास नियम ९ प्रमाणे जप्ती उठविली जाते. दावा वादीच्या गैरहजेरीमुळे निकाली निघाला आणि पुढे पुन्हा फाइलवर आला, तरी केवळ त्यामुळे जुनी जप्ती आपोआप पुनरुज्जीवित होत नाही, असे नियम ११-अ सांगतो. वादीच्या बाजूने हुकूमनामा झाल्यास मात्र नियम ११ प्रमाणे नव्याने जप्तीची गरज नसते आणि दरखास्तीत थेट विक्रीची मागणी करता येते.

जप्ती अपुऱ्या कारणांवर मागितली होती असे आढळल्यास, किंवा दावा वाजवी आधाराशिवाय केल्याचे दिसून फेटाळला गेल्यास, कलम ९५ प्रमाणे न्यायालय प्रतिवादीला ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकते. ही रक्कम न्यायालयाच्या आर्थिक अधिकारमर्यादेपेक्षा जास्त असू शकत नाही. उदाहरणातील व्यापाऱ्याचा माल हंगामात अडकून भाव उतरला आणि दावा निराधार ठरला, तर नुकसानीचा हा भार अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यावर येऊ शकतो.