राजीनाम्यानंतरची पगारवाढ

भोसरीतला एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. पाच जण सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितात, पगार ५० ते ५४ हजार. त्यांतली एक जण ५२ हजारांवर आहे, आणि फाइव्ह-अॅक्सिस मशीनचं काम फक्त तिलाच येतं. तिला चाकणहून ७० हजारांची ऑफर येते. ती राजीनामा देते. मालक घाबरून म्हणतो, "सत्तर मीच देतो, थांबा. फक्त बाहेर कुणाला सांगू नका."

ही झाली काउंटर ऑफर, आणि ती अशीच दिली जाते म्हणून फसते. पगार गुप्त राहत नाही. एका संध्याकाळच्या चहात आकडा बाहेर पडतो, आणि उरलेल्या चौघांना कळतं की इथे वाढ कामावर मिळत नाही, राजीनाम्यावर मिळते. त्यानंतर दोन महिन्यांत आणखी कुणी ऑफर लेटर घेऊन केबिनमध्ये आला, तर तो योगायोग समजू नये.

पहिल्या भेटीत आकडा काढूच नये. राजीनामा मिळाला की एक-दोन दिवसांत, सुपरवायझरला बाहेर ठेवून, तिला निवांत भेटावं. विचारावं, "पगार तिथल्याइतकाच झाला, तरी तुम्ही जाल का?" उत्तर "हो" आलं, तर कारण दुसरंच आहे: रोज लांबणारी शिफ्ट, सुपरवायझरची जीभ किंवा नव्या मशीनवर शिकायची इच्छा. शिफ्ट बदलता येते, पण सुपरवायझरचा त्रास पगाराने झाकला तर तो काही महिन्यांत पुन्हा वर येतो. आणि "आम्ही तुम्हाला घडवलं" हे वाक्य या भेटीत कुणीही उच्चारू नये. "एप्रिलमध्ये बघू" हेही नको. एप्रिलमध्ये बघितलं असतं, तर राजीनामा आलाच नसता.

आता हिशेब. एकटीला ७० हजार दिले, तर महिन्याला १८ हजारांचा बोजा. त्याऐवजी मालकाने आसपासचे पगार पाहिले आणि पाचही जण बाजारापेक्षा मागे आहेत असं दिसलं, तर प्रत्येकाला ३ हजार, म्हणजे १५ हजार. शिवाय फाइव्ह-अॅक्सिसचं काम करणाऱ्याला ८ हजारांचा वेगळा भत्ता. तो आज तिला मिळेल, आणि उद्या जो कुणी ते शिकून ठरलेला नमुना-भाग बिनचूक काढून दाखवेल त्यालाही. एकूण २३ हजार. एकटीला फुगवण्यापेक्षा फक्त ५ हजार जास्त, आणि चौघांना तोंड देता येतं. उद्या दुसऱ्याने भत्ता मिळवला, तर खर्च वाढेल हे खरं, पण तेव्हा त्या मशीनला दुसरा माणूसही मिळालेला असेल.

तिचा पगार यात ६३ हजार होतो. ७० नाही. उरलेला फरक शिफ्ट, घराजवळचं काम यांनी भरून निघतो का, हे तिने ठरवायचं. नाही निघाला, तर ओढून-ताणून आकडा वाढवू नये.

तोंडी ठरलेलं लगेच कागदावर यावं. पत्र अर्ध्या पानाचं पुरे:

"आपला राजीनामा आम्हाला मिळाला आहे. आपण काम सुरू ठेवावं अशी आमची इच्छा आहे. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून आपला मासिक एकूण पगार, कपातीपूर्वी, ६३,००० रुपये असेल. यात ३,००० रुपयांची वाढ या पदावरील सर्वांना लागू आहे आणि ८,००० रुपये फाइव्ह-अॅक्सिस कामाचा भत्ता आहे. प्रस्ताव मान्य असल्यास येत्या तीन कामकाजाच्या दिवसांत राजीनामा लेखी मागे घ्यावा, आपली सेवा अखंड धरली जाईल. मान्य नसल्यास नोटीस पीरियड, अंतिम हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर यांवर काहीही परिणाम होणार नाही."

"मासिक एकूण, कपातीपूर्वी" हे शब्द गाळू नयेत. वार्षिक सीटीसीचा मोठा आकडा लिहिला, की त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी न मिळणारा बोनस असं सगळं मिसळतं आणि पहिल्याच पगाराला भांडण होतं. एकरकमी बोनस देऊन "वर्षाच्या आत गेल्यास परत करावा" अशी अट घालायची असेल, तर तीही इथेच स्पष्ट लिहावी.

पत्रात एक ओळ मात्र कधीच नसावी: "ही बाब गोपनीय ठेवावी." ती लिहावीशी वाटली, तर वाढीचं कारण चौघांसमोर सांगता येणार नाही, हे मालकाला मनातून ठाऊक असतं. अशा वेळी पत्र फाडावं, रिलीव्हिंग लेटर वेळेवर द्यावं आणि उरलेल्या चौघांच्या पगाराकडे त्याच आठवड्यात बघावं.